आधी हाक कुणी मारायची?

समजा, तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तकांची नोंद अजून वहीत होते आणि ग्रंथपालबाईंना ती कोहा या सॉफ्टवेअरमध्ये आणायची आहे. कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं, २००० साली तिथे वापरात आलं आणि आज ते कुणालाही मोफत घेता येतं. ते लिनक्सवर चालतं, बाईंच्या लॅपटॉपवर मात्र विंडोज आहे. नवा सर्व्हर घेण्याआधी करून पाहावं म्हणून त्यांनी लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, त्यात डेबियन लिनक्सचं एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं आणि त्या मशीनमध्ये कोहा बसवलं. सगळं सुरळीत पार पडलं. आतल्या मशीनला इंटरनेट मिळत होतं, पॅकेजेस उतरली, कोहा सुरूही झालं. मशीनचा पत्ता पाहिला तर तो 10.0.2.15 होता. कर्मचाऱ्यांसाठीचं पान 8080 या पोर्टवर ठेवलेलं होतं. म्हणून बाईंनी लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये `http://10.0.2.15:8080` असं टाकलं. ब्राउझरचं चक्र बराच वेळ फिरत राहिलं आणि शेवटी समोरून उत्तर येत नसल्याचा निरोप आला.

यात काहीच बिघडलेलं नाही. कोहा ठीक चाललंय, लिनक्स ठीक आहे, लॅपटॉपही ठीक आहे. व्हर्च्युअल मशीन ज्या रीतीने बाहेरच्या जगाला जोडलंय, ती रीत या कामासाठी नाही, एवढंच. व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. त्याची डिस्क ही लॅपटॉपवरची एक फाइल असते, आणि त्याचं नेटवर्क कार्डही तसंच सॉफ्टवेअरने तयार केलेलं असतं. त्या कार्डाची वायर कुठे लावायची, हे व्हर्च्युअलबॉक्सच्या Network या पानावर `Attached to` या ओळीत ठरतं. तिथल्या यादीत `NAT`, `Bridged Adapter` आणि `Host-only Adapter` अशी नावं दिसतात. बहुतेक लोक ती यादी एकदा उघडतात, गोंधळतात आणि आहे तेच ठेवून बंद करतात. आधीपासून जे निवडलेलं असतं ते म्हणजे नॅट.

नॅट, ब्रिज्ड आणि होस्ट-ओन्ली यांतला फरक साधारणपणे 'इंटरनेट मिळतं की नाही' या अंगाने सांगितला जातो. माझ्या मते तिथेच गोंधळाला सुरुवात होते, कारण नॅट आणि ब्रिज्ड दोन्हींत इंटरनेट मिळतं आणि तरी दोन्ही एकमेकांपासून खूप वेगळे आहेत. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दोन संगणकांच्या प्रत्येक संभाषणात एक जण पहिली हाक मारतो आणि दुसरा ओ देतो. ब्राउझर हाक मारतो, सर्व्हर ओ देतो. मग आपल्या मशीनला कुणाकुणाला हाक मारता आली पाहिजे आणि त्याला कुणाकुणाची हाक ऐकू आली पाहिजे? याचं उत्तर मिळालं की निवड करायला वेळ लागत नाही.

नॅट: बाहेर जाता येतं, आत येता येत नाही

घरोघरी टेलिफोन नव्हते तेव्हा लोक लग्नपत्रिकेवर किंवा अर्जावर शेजाऱ्यांचा नंबर देत आणि त्यापुढे 'पी.पी.' असं लिहीत. नॅटमधल्या मशीनची स्थिती तशीच असते. शेजाऱ्यांकडे जाऊन कुणालाही फोन लावता येतो, बोलणं दोन्ही बाजूंनी होतं, पण पलीकडच्याला नंबर दिसतो तो शेजाऱ्यांचा. इथे शेजारी म्हणजे लॅपटॉप. डेबियनने पॅकेजेस आणायला बाहेर विनंती पाठवली की व्हर्च्युअलबॉक्स ती हातात घेतं, लॅपटॉपच्या नावाने पुढे धाडतं आणि कोणती विनंती कुणाची याची नोंद ठेवतं. उत्तर आलं की ती नोंद पाहून ते आत पोचवतं. बाहेरून कुणी आपण होऊन आलं तर त्याची नोंदच नसते. मग ते कुणाला द्यायचं हे व्हर्च्युअलबॉक्सला कळणार कसं?

10.0.2.15 हा पत्ता म्हणजे आतल्या आत वापरायची एक सोय आहे. व्हर्च्युअलबॉक्स नॅटमधल्या मशीनपुढे एक छोटं नेटवर्क मांडतं. त्यात 10.0.2.2 हा बाहेर जायचा दरवाजा असतो, 10.0.2.3 हा नावांवरून पत्ते शोधून देणारा असतो आणि मशीनला 10.0.2.15 मिळतो. हे नेटवर्क लॅपटॉपला दिसतच नाही. त्यामुळे बाईंच्या ब्राउझरने मारलेली हाक वाचनालयाच्या राउटरकडे गेली आणि तिथून पुढे कुठेतरी विरून गेली. प्रत्येक मशीनला असं आपापलं वेगळं नेटवर्क मिळतं. म्हणून नॅटवर दोन मशीन उभी केली तर दोघांचाही पत्ता 10.0.2.15 असू शकतो आणि दोघांना एकमेकांचा पत्ताही नसतो. त्यांनी आपसात बोलावं असं वाटत असेल तर यादीतला `NAT Network` हा निराळा पर्याय घ्यावा लागतो. नावं जवळची असल्याने इथे हमखास फसगत होते.

बाहेरची हाक नॅटमध्ये आत आणायची वाट मात्र आहे. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवायचं, की अमुक फोन आला तर मला बोलवा. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. लॅपटॉपच्या 8081 पोर्टवर जे येईल ते आतल्या मशीनच्या 8080 वर पोचवायचं असेल, तर मशीन बंद असताना लॅपटॉपच्या कमांड खिडकीत हे द्यावं:

```
VBoxManage modifyvm "Koha" --natpf1 "staff,tcp,127.0.0.1,8081,,8080"
```

विंडोजमध्ये ही कमांड सापडत नसल्याचा निरोप आला, तर व्हर्च्युअलबॉक्स ज्या फोल्डरमध्ये बसवलंय तिथे जाऊन ती द्यावी. खिडक्या आणि बटणांतून करायचं असेल तर नॅटच्या त्याच पानावर `Port Forwarding` हे बटण आहे. आता लॅपटॉपवर `http://127.0.0.1:8081` उघडलं की कोहाचं पान समोर येतं.

या ओळीतल्या 127.0.0.1 कडे नीट पाहावं, कारण सगळं महत्त्व त्याला आहे. त्याचा अर्थ असा की ही वाट फक्त याच लॅपटॉपवरून खुली आहे. ती जागा रिकामी सोडली तर लॅपटॉप आपल्या सगळ्या पत्त्यांवर कान देऊन बसतो. मग त्याच राउटरवरचा दुसरा संगणकही लॅपटॉपचा पत्ता आणि 8081 टाकून आत येऊ शकतो, अर्थात विंडोजच्या फायरवॉलने अडवलं नाही तर. ही गोष्ट काही वेळा हवीहवीशी असते, काही वेळा अजिबात नको असते. इंटरनेटवरच्या पाककृतींत ती जागा सर्रास रिकामी दिलेली असते आणि लोक तशीच उतरवून घेतात.

नॅटचा एक मोठा गुण आहे. तो लॅपटॉपच्या नावावर चालतो, म्हणून जिथे लॅपटॉपला इंटरनेट मिळतं तिथे मशीनलाही मिळतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, हॉटेलच्या वाय-फायवर, कॉलेजच्या नेटवर्कवर, कुठेही. लॅपटॉपवर ऑफिसचा व्हीपीएन सुरू असेल तर आतल्या मशीनची वाहतूकही साधारणपणे त्याच व्हीपीएनमधून जाते. राउटरला नव्या संगणकाची चाहूलही लागत नाही.

पण नॅट म्हणजे कुंपण, असा एक समज पसरला आहे आणि तो धोक्याचा आहे. नॅट बाहेरून येणाऱ्या हाकेला अडवतं. आतून जाणाऱ्या हाकेला ते अडवत नाही, आणि ती हाक इंटरनेटपुरतीच असते असंही नाही. नॅटमधल्या मशीनवरून 192.168.1.1 उघडून पाहा. घरच्या राउटरचा हाच पत्ता असेल तर त्याचं लॉगिन पान समोर येईल. राउटरवरचा प्रिंटर आणि सामायिक फोल्डर ठेवलेला शेजारचा संगणकही तसेच गाठता येतात. म्हणून एखादी संशयास्पद फाइल 'मशीनमध्ये तर आहे, नॅटच तर आहे' अशा भरवशावर उघडू नये. त्या फाइलमध्ये काही दुष्ट असेल, तर पहिली हाक तेच मारणार असतं.

होस्ट-ओन्ली: लॅपटॉप आणि मशीन, तिसरं कुणी नाही

पोर्ट फॉरवर्डिंग एक-दोन दारांपुरतं बरं असतं. बाईंना मात्र कर्मचाऱ्यांचं पान हवं, वाचकांसाठीचा कॅटलॉग दुसऱ्या पोर्टवर हवा, फाइली पाठवायला आणखी एक पोर्ट हवा. प्रत्येकासाठी एक नियम आणि प्रत्येकाचा लक्षात ठेवायचा वेगळा आकडा. इथे होस्ट-ओन्ली कामाला येतं.

या पर्यायात व्हर्च्युअलबॉक्स लॅपटॉपला एक जादा नेटवर्क कार्ड देतं. विंडोजमध्ये ते `VirtualBox Host-Only Ethernet Adapter` या नावाने दिसतं आणि त्याचा पत्ता सहसा 192.168.56.1 असतो. आतल्या मशीनला 192.168.56.101 किंवा त्याच्या पुढचा पत्ता मिळतो. या नेटवर्कमधून बाहेर जायला दरवाजाच ठेवलेला नसतो. लॅपटॉप मशीनला हाक मारू शकतो, मशीन लॅपटॉपला हाक मारू शकतं, याच नेटवर्कवरची दोन मशीनं एकमेकांशी बोलू शकतात. वाचनालयातल्या बाकीच्या संगणकांना यातलं काही दिसत नाही आणि मशीनलाही ते दिसत नाहीत. पोर्टांचे नियम लागत नाहीत. लॅपटॉपवर `http://192.168.56.101:8080` टाकलं की पान उघडतं. लॅपटॉप घरी नेला, प्रवासात नेला, इंटरनेट नसलेल्या खोलीत नेला तरी या नेटवर्कवर परिणाम होत नाही, कारण ते लॅपटॉपच्या बाहेर जातच नाही.

अडचण दुसऱ्या दिवशी येते. डेबियनला नवी पॅकेजेस हवी असतात आणि पडद्यावर ही ओळ येते:

```
Temporary failure resolving 'deb.debian.org'
```

यात 'तात्पुरतं' असं म्हटलंय, पण होस्ट-ओन्लीवर ते तात्पुरतं नसतं. बाहेरची वाटच नाही, तर नावाचा पत्ता शोधणार कुठे?

यावर उपाय म्हणून काही जण दर वेळी सेटिंग बदलत बसतात, इंटरनेट हवं तर नॅट, पान पाहायचं तर होस्ट-ओन्ली. तसं करायची गरज नाही. एका मशीनला एकाहून अधिक कार्डं देता येतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या पडद्यावर त्यासाठी चार टॅब आहेत. पहिलं कार्ड नॅटवर ठेवायचं, दुसरं होस्ट-ओन्लीवर लावायचं. बाहेर जायला पहिलं, लॅपटॉपशी बोलायला दुसरं. एकट्याने काम करणाऱ्याला माझ्या मते हीच मांडणी सगळ्यांत सोयीची आहे. पहिल्याच दिवशी ती करून ठेवावी.

मशीन आधी उभं केलं आणि दुसरं कार्ड मागाहून लावलं, तर डेबियन ते कार्ड ओळखतं पण आपण होऊन सुरू करतंच असं नाही. `ip a` ही कमांड दिली की पहिल्या कार्डापुढे, म्हणजे `enp0s3` पुढे 10.0.2.15 दिसतो आणि `enp0s8` पुढे पत्ताच नसतो. डेस्कटॉप न टाकलेल्या डेबियनमध्ये `/etc/network/interfaces` या फाइलच्या शेवटी या दोन ओळी घालाव्या लागतात:

```
allow-hotplug enp0s8
iface enp0s8 inet dhcp
```

मग `sudo ifup enp0s8` दिलं की पत्ता मिळतो. पत्ता ठरावीक राहावा म्हणून काही जण तो हाताने लिहितात, ते चालतं. मात्र सवयीने त्याखाली गेटवेची ओळ घालू नये. ती घातली तर मशीनला बाहेर जायला दोन दरवाजे दिसतात, त्यातला एक भिंतीवर काढलेला असतो आणि इंटरनेट बंद पडतं. असं झालंय का, ते `ip route` सांगतं. `default` ने सुरू होणारी ओळ एकच असावी आणि तिच्यात 10.0.2.2 असावा.

इथे आणखी एक चकवा आहे. मशीनमधून `ping 192.168.56.1` दिलं आणि उत्तर आलं नाही म्हणून नेटवर्क तुटलंय असं समजू नये. विंडोजची फायरवॉल अनोळखी नेटवर्कवरून आलेल्या पिंगला बहुधा उत्तर देत नाही. उलट दिशेने, लॅपटॉपवरून मशीनला पिंग करून पाहावं. ते पोचलं तर वाट ठीक आहे.

होस्ट-ओन्लीचा दुसरा उपयोग सुरक्षेच्या अभ्यासाचा. मुद्दाम कमकुवत ठेवलेली मशीनं विद्यार्थी सरावासाठी वापरतात. अशा मशीनला ना इंटरनेटवर जाता आलं पाहिजे, ना बाहेरच्या कुणाला त्याच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. एवढंच ध्यानात ठेवावं की होस्ट-ओन्लीत लॅपटॉप स्वतः त्या मशीनच्या टप्प्यात असतो. त्यावर सामायिक फोल्डर खुला असेल तर मशीनला तो गाठता येऊ शकतो. लॅपटॉपलाही बाहेर ठेवायचं असेल तर `Internal Network` घ्यावं. त्यात फक्त मशीनं एकमेकांशी बोलतात.

ब्रिज्ड: राउटरच्या नजरेत आणखी एक संगणक

कोहा आता लॅपटॉपवर छान चालतंय. पुढच्या आठवड्यात कार्यकारी मंडळाची बैठक आहे. वाचकांच्या टेबलावरच्या तीन संगणकांवर कॅटलॉग उघडून दाखवायचा आहे आणि एखाद्या सभासदाने मोबाइलवर पाहिला तर उत्तमच. आता हाक मारणारे बाहेरचे आहेत, लॅपटॉपशी त्यांचा संबंध नाही. हे काम ब्रिज्डचं.

ब्रिज्डमध्ये मशीनची वायर जणू थेट वाचनालयाच्या राउटरला लागते. लॅपटॉपचं खरं नेटवर्क कार्ड यात वापरलं जातं, पण नाव लॅपटॉपचं वापरलं जात नाही. मशीनचा स्वतःचा कार्ड क्रमांक असतो, व्हर्च्युअलबॉक्समध्ये तो `08:00:27` ने सुरू होतो. राउटरला तो एक नवा संगणक वाटतो आणि तो त्याला आपल्या यादीतला एक पत्ता देतो, उदाहरणार्थ 192.168.1.23. मग त्या राउटरला जोडलेला कुठलाही संगणक किंवा फोन हा पत्ता टाकून कॅटलॉग उघडू शकतो. राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत हा `08:00:27` दिसला की ब्रिज जमला असं समजावं.

वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर हे बहुधा पहिल्या फटक्यात जमतं. वाय-फायवर रडतखडत जमतं, कधी जमतच नाही. यामागचं कारण कळलं तर पुष्कळ डोकेदुखी वाचते. वाय-फायला जोडताना लॅपटॉप आपल्या कार्डाचा क्रमांक राउटरकडे नोंदवतो. नंतर त्याच लॅपटॉपच्या अँटेनातून दुसऱ्याच क्रमांकाच्या नावाने काही आलं, तर राउटर ते टाकून देतो, कारण त्या नावाची नोंद नाही. म्हणून वाय-फायवर व्हर्च्युअलबॉक्स एक युक्ती करतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा मशीनचा क्रमांक काढून तिथे लॅपटॉपचा घालतं, आणि परत आलेल्यांतलं कुठलं मशीनचं हे आयपी पत्त्यावरून ओळखतं. घरच्या बऱ्याच राउटरना हे चालतं. पण एका क्रमांकाला एकच पत्ता द्यायचा असं ठरवलेलं नेटवर्क यावर अडतं. होस्टेल किंवा हॉटेलात आधी ब्राउझरमध्ये लॉगिन करावं लागतं, तिथेही गाडी अडकते, कारण लॉगिन लॅपटॉपने केलेलं असतं आणि मशीन त्यांच्या लेखी परकं असतं. वाचनालयात उपाय सोपा आहे, बैठकीच्या दिवशी लॅपटॉप वायरने जोडावा. वायर नसेलच तर ब्रिज्डचा हट्ट सोडून नॅटवर राहावं आणि वाचकांच्या पानासाठी लॅपटॉपच्या पत्त्याची जागा रिकामी ठेवलेला पोर्टचा नियम लावावा. तीन संगणकांना तेवढंही पुरतं.

ऑफिसात आणि कॉलेजात आणखी एक भिंत असते. तिथल्या भिंतीवरच्या नेटवर्क सॉकेटवर अनेकदा एकाच कार्डाला परवानगी असते. दुसरा क्रमांक दिसला की ते सॉकेटच बंद होतं, असंही करून ठेवलेलं असतं. मशीन ब्रिज्डवर टाकताच लॅपटॉपचंही इंटरनेट गेलं, तर कारण बहुधा हेच. अशा ठिकाणी नेटवर्क सांभाळणाऱ्यांना आधी विचारावं. त्यांच्या नजरेत ब्रिज्ड मशीन म्हणजे त्यांच्या नेटवर्कवर परवानगीविना आणून लावलेला संगणक असतो, आणि ते चुकीचं म्हणत नाहीत.

कारण ब्रिज्ड मशीन खरोखरच उघड्यावर असतं. लॅपटॉपची फायरवॉल त्याचं रक्षण करील, यावर विसंबता येत नाही. त्याच्याकडे येणारी वाहतूक लॅपटॉपच्या विंडोजसाठी नसते, ती थेट मशीनकडे जाते. आतल्या लिनक्सचा पासवर्ड कामचलाऊ असेल तर त्या राउटरवरचा कुणीही तो हेरू शकतो. जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर चालवायचं म्हणून कुणी विंडोज ७ चं मशीन ठेवतं, तिथे हा धोका खूप वाढतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला तो विंडोजच्या फाइल देवघेवीच्या सोयीतली एक फट वापरून. मायक्रोसॉफ्टने त्याआधी मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. त्याला कुणी फाइल उघडण्याची गरज नव्हती. नेटवर्कवर दुसरा संगणक दिसला आणि 445 हा पोर्ट खुला मिळाला की तो आपण होऊन शिरत होता. दुरुस्ती न घेतलेलं जुनं विंडोज ब्रिज्डवर ठेवणं म्हणजे त्याला शेजारच्या प्रत्येक संगणकाच्या हाकेच्या अंतरावर बसवणं. अशा मशीनला होस्ट-ओन्ली द्यावं. त्याला इंटरनेटची गरज नसते आणि फाइली लॅपटॉपवरून देता-घेता येतात.

राउटरने दिलेला पत्ता कायमचा नसतो, हीही एक गोष्ट बैठकीच्या आधी सांभाळावी. आज 192.168.1.23 आहे, उद्या 27 असू शकतो आणि तीनही टेबलांवर उघडून ठेवलेलं पान निर्जीव होतं. राउटरच्या सेटिंगमध्ये कार्ड क्रमांकाला पत्ता बांधून देण्याची सोय असते. मशीनचा `08:00:27` वाला क्रमांक तिथे नोंदवला की पत्ता हलत नाही. लॅपटॉप वायरने जोडलेला असेल तरच हे खात्रीने चालतं. वाय-फायवर राउटरला मशीनचा स्वतःचा क्रमांक दिसत नाही, हे वर आलंच आहे.

पान उघडलं नाही तर

पहिल्यांदा मशीनमध्ये `ip a` द्यावं आणि पत्त्याची सुरुवात पाहावी. 10.0.2 दिसला तर कार्ड नॅटवर आहे. 192.168.56 दिसला तर होस्ट-ओन्लीवर आहे. लॅपटॉपच्या पत्त्याशी मिळताजुळता पत्ता असेल तर ब्रिज जमलेला आहे. हे आकडे व्हर्च्युअलबॉक्सच्या नेहमीच्या मांडणीतले आहेत. व्हीएमवेअरमध्ये आकडे वेगळे असतात, तऱ्हा मात्र याच तीन. आतलं मशीन विंडोजचं असेल आणि 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याला पत्ता देणारं कुणी भेटलंच नाही. ब्रिज्डमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे `Name` या ओळीत चुकीचं कार्ड निवडलेलं असतं. लॅपटॉप वायरने जोडलेला आहे आणि ब्रिज मात्र वाय-फायच्या कार्डाला बांधलेला आहे, असं लॅपटॉप एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला की हमखास होतं.

मग ब्राउझर काय म्हणतो ते वाचावं. खूप वेळ वाट पाहून हार मानली, तर हाक पोचतच नाहीये किंवा मध्ये फायरवॉल ती गिळतेय. क्षणात नकार आला, तर हाक पोचली आहे पण त्या पोर्टवर ओ द्यायला कुणी बसलेलं नाही. दुसऱ्या बाबतीत नेटवर्कची सेटिंग उलटीपालटी करू नये. मशीनमध्ये `sudo ss -tlnp` द्यावं. तिथे `127.0.0.1:8080` असं दिसलं, तर ते सॉफ्टवेअर फक्त मशीनच्या आतल्याच हाका ऐकतंय आणि वरच्या तिन्ही तऱ्हांपैकी कुठलीही निवडली तरी ते बाहेरच्याला ओ देणार नाही. तिथे `*:8080` किंवा `0.0.0.0:8080` हवं. बदल सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये करावा लागतो.

बैठक संपली की बाईंनी ब्रिज्ड कार्ड परत नॅटवर आणावं. मशीन बंद करायची गरज नाही. चालू मशीनच्या खिडकीतल्या `Devices` मेनूतून ते बदलता येतं आणि आतल्या लिनक्सला वायर काढून दुसरीकडे लावल्यासारखं वाटतं. मात्र जुना 192.168.1 वाला पत्ता ते लगेच सोडेलच असं नाही. पत्ता अडकून राहिला आणि इंटरनेट गेलेलं दिसलं, तर `sudo ifdown enp0s3` आणि त्यापाठोपाठ `sudo ifup enp0s3` द्यावं. 10.0.2.15 परत आला की वाचकांच्या टेबलांवरून कोहाचं पान उघडणं थांबतं. बाईंच्या लॅपटॉपवर ते दुसऱ्या कार्डाच्या 192.168.56.101 वर पूर्वीसारखं चालत राहतं.